जेवणानंतरची जळजळ: आडवं झाल्यावरची आणि चढावरची

प्रश्न: "वय 54. बीपीची ॲम्लोडिपिनची गोळी चालू आहे, सिगारेट चार वर्षांपूर्वी सोडली. तीन महिन्यांपासून रात्री जेवून आडवं झालं की छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येतं. गेले पंधरा दिवस जेवून फिरायला गेलो तरी चढावर तशीच जळजळ होते. थांबून ॲसिडिटीचं पातळ औषध घेतलं की पाच मिनिटांत बरं वाटतं. ईसीजी काढला, नॉर्मल आला. म्हणजे ॲसिडिटीच ना? हृदयाचं असतं तर या औषधाने गेलं नसतं, असं घरचे म्हणतात."

आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मागाहून. जेवणानंतरचं फिरणं आजपासून बंद करा आणि उद्याच फिजिशियनकडे किंवा हृदयरोगतज्ज्ञांकडे जा. तिथे "ॲसिडिटी होते" असं सांगू नका, "चढ चढताना छाती जळते आणि थांबलं की जाते" असं सांगा. या दुसऱ्या वाक्याने तपासणीची दिशाच बदलते. मधल्या काळात चढावर होते तशी जळजळ बसल्या जागी झाली, किंवा थांबून दहा मिनिटं झाली तरी गेली नाही, तर उद्याची वाट न पाहता त्याच क्षणी आपत्कालीन विभाग गाठायचा.

तुम्ही लिहिलंय त्यात मला एक नाही, दोन तक्रारी दिसतात. तीन महिन्यांपासूनची रात्रीची जळजळ ही एक आणि पंधरा दिवसांपासूनची चढावरची जळजळ ही दुसरी. दोन्ही जेवणानंतर होतात, दोन्हींना तुम्ही जळजळच म्हणता, म्हणून दुसरी तक्रार पहिलीच्या नावाखाली सहज खपून गेली. पहिली बहुधा खरोखरच आम्लाची आहे. दुसरीबद्दल तसं म्हणायला आत्ता तरी माझ्यासमोर काहीच आधार नाही.

रात्रीचं आधी समजून घेऊ. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, ते झडपेसारखं काम करतं. घास खाली गेला की ते मिटतं. पोट भरून ताणलं गेलं की हे कडं मधूनमधून आपणहून सैल पडतं, हवा ढेकरेवाटे बाहेर यावी म्हणून. हे सगळ्यांच्याच बाबतीत होतं. बसलेलो किंवा उभे असलो तर अशा वेळी बहुतेक हवाच वर येते. आडवे झालो की आम्लही वर सरकतं, आणि अन्ननलिकेच्या अस्तराला आम्ल सोसत नाही. म्हणून या जळजळीची ठेवण ठरलेली असते. ती बेंबीच्या वरच्या खड्ड्यातून सुरू होऊन गळ्याकडे चढते. वाकलं, आडवं झालं की वाढते आणि उठून बसलं की थोडी कमी होते. तोंडाला आंबट किंवा कडू चव येते. ती अर्धा तास, तासभर, कधी रात्रभरही राहते. आम्ल मारणारं औषध घेतलं की काही मिनिटांत उतार पडतो, पण औषधाचा असर ओसरला की ती पुन्हा डोकं वर काढते. तुमचं रात्रीचं वर्णन या चौकटीत बसतं.

आता चढावरची जळजळ. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या नळ्या, म्हणजे करोनरी धमन्या, आतून अरुंद झाल्या असतील तर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता लागत नाही. आराम करताना लागतं तेवढं रक्त अरुंद नळीतूनही मिळतं. चढावर मात्र हृदयाला जोरात आणि भराभर काम करावं लागतं. तेवढं जास्तीचं रक्त त्या नळीतून येत नाही आणि स्नायू तक्रार करतो. माणूस थांबला की मागणी कमी होते आणि दोन-पाच मिनिटांत तक्रार शमते. याला अंजायना म्हणतात. हा हार्ट अटॅक नव्हे, पण अटॅक ज्या धमनीत येऊ शकतो तिने आधी दिलेली ती सूचना असू शकते.

मग जेवणाचा काय संबंध? इथेच बहुतेकांची फसगत होते. जेवल्यावर पचनासाठी आतड्यांकडे जास्त रक्त जावं लागतं, म्हणून हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त बाहेर ढकलावं लागतं. जेवण जितकं भरपेट तितका हा भार मोठा. म्हणजे जेवून निघालेला माणूस सपाटीवरच थोडा चढ चढत असतो. त्यात खरा चढ आला की एरवी न ओलांडली जाणारी मर्यादा ओलांडली जाते. म्हणून काही रुग्णांना सकाळी उपाशीपोटी तोच रस्ता काही त्रास न होता चालता येतो आणि रात्री जेवून निघाले की तिथेच थांबावं लागतं. जेवणाशी संबंध आहे म्हणजे पोटाचंच, हा तर्क म्हणून चुकतो. गार वारा, हातातलं ओझं, रागाचा झटका हे सुद्धा ही मर्यादा अशीच खाली आणतात.

तुमच्या एका संध्याकाळची वेळ लावून पाहू. आकडे अंदाजाचे आहेत, तुम्ही तुमचे घालून पाहा. साडेआठला जेवण झालं. पावणेनऊला घराबाहेर पडलात. पहिली सात-आठ मिनिटं सपाट रस्ता, काही नाही. चढ लागला आणि दुसऱ्या मिनिटाला छातीच्या मधल्या हाडामागे जळायला लागलं. तुम्ही थांबलात, खिशातली बाटली काढली, दोन घोट घेतले, टेकून उभे राहिलात. पाच मिनिटांनी छाती मोकळी. श्रेय गेलं बाटलीला.

पण त्या पाच मिनिटांत तुम्ही दोन गोष्टी केल्यात. औषध घेतलंत आणि थांबलात. दोन्ही एकदम झाल्या, तर कशाने बरं वाटलं हे त्या अनुभवावरून ठरवताच येत नाही. आता आठवून पाहा. एखाद्या दिवशी बाटली घरी राहिली होती का? त्या दिवशी नुसतं थांबून गेलं का? रात्री अंथरुणात तेच औषध तेवढंच घेतल्यावर किती वेळ लागतो, पाच मिनिटं की पंधरा-वीस? आणि रात्री जशी ती तासा-दोन तासांनी परत येते, तशी चढावरची जळजळ घरी येऊन बसल्यावर कधी परत आली का? नुसतं थांबून जात असेल आणि बसल्यावर परत येत नसेल, तर औषध तिथे फक्त सोबतीला होतं. हे आठवणीतूनच शोधा. मुद्दाम चढ चढून खात्री करायला जाऊ नका. जिने चढून "बघू होतंय का" करणारे लोक घरच्या घरी, कुणाच्या देखरेखीशिवाय, श्रम देऊन हृदय तपासायची स्ट्रेस टेस्टच करत असतात.

"हृदयाचं असतं तर या औषधाने गेलं नसतं" हे घरच्यांचं म्हणणं दुसऱ्या बाजूनेही टिकत नाही. हार्ट अटॅकच्या दुखण्यातही ॲसिडिटीचं औषध घेतल्यावर काहींना बरं वाटतं. हे दुखणं कमी-जास्त होत राहतं, आणि कमी होण्याच्या वेळेला औषध पोटात गेलेलं असतं. म्हणून आपत्कालीन विभागात आम्ल मारणारं औषध देऊन "बरं वाटलं, म्हणजे पोटाचंच" असा निष्कर्ष काढायचा नसतो. उलट दिशेनेही हेच. हृदयासाठी जिभेखाली ठेवायची गोळी अन्ननलिकेचे स्नायूही सैल करते. त्या गोळीने बरं वाटलं म्हणून ते हृदयाचंच होतं असं ठरत नाही. औषधाला मिळालेल्या प्रतिसादावरून निदान करण्याची वाट दोन्हीकडून बंद आहे.

ढेकरेचंही तसंच. "ढेकर आली आणि मोकळं वाटलं, गॅसच होता" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकतो की ते ऐकलं तरी तपासणी थांबवत नाही. हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त कमी पडलं तर मळमळ, उलटी, ढेकरा आणि बेंबीच्या वर दुखणं, एवढंच चित्र असू शकतं. छाती दुखतच नाही. हृदय आणि अन्ननलिका, दोघांच्या वेदनेच्या तारा मज्जारज्जूच्या जवळपास त्याच पातळीवर जाऊन मिळतात. मेंदूला कळतं ते एवढंच की छातीच्या मध्यावर काहीतरी बिनसलं आहे. नेमकं कुठल्या अवयवात, हे तो खात्रीने सांगू शकत नाही.

शब्दांचंही थोडं बोलायला हवं. अंजायना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे छाती धरून कोसळणारा माणूस येतो. खोलीत समोर बसलेला रुग्ण मात्र पुष्कळदा "दुखत नाही हो डॉक्टर" असंच म्हणतो. तो म्हणतो दाटतं, आवळतं, ओझं ठेवल्यासारखं होतं, गळा भरून येतो, आणि हो, जळजळतं. सांगताना हात काय करतो तिकडे लक्ष ठेवलं तर थोडी मदत होते. आम्लाची जळजळ सांगताना हात पोटाच्या वरून गळ्याकडे सरकतो. हृदयाचं सांगताना अख्खा तळवा किंवा मूठ छातीच्या मध्यावर टेकते. एका बोटाने एक ठिकाण दाखवलं आणि तिथे दाबल्यावर दुखलं, तर ते बहुधा स्नायूचं किंवा बरगडीच्या सांध्याचं असतं. ही खूण आहे, पुरावा नाही. मी स्वतः तेवढ्यावर कुणाला घरी पाठवणार नाही.

खुणांमध्ये मी सर्वांत जास्त वजन देतो ते श्रमाशी असलेल्या नात्याला. ठरावीक श्रमाला येतं आणि थांबलं की काही मिनिटांत जातं, हे वर्णन हृदयाकडे बोट दाखवतं, मग त्याला जळजळ म्हणा की आणखी काही. जबडा, गळा, खांदा, डावाच काय उजवाही हात जड होणं, दोन्ही खांद्यांच्या मध्ये पाठीत भरून येणं, गार घाम, धाप यांपैकी काही सोबत असेल तर शंका आणखी बळावते. सुईसारखी एक-दोन सेकंदांची कळ, किंवा चार दिवस एकसारखं चालू असलेलं बारीक दुखणं, हे हृदयाचं असण्याची शक्यता खूप कमी.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. श्रमाने आम्लही वर येऊ शकतं. धावणं, उड्या, वजन उचलणं, पुढे वाकून काम करणं यांत पोटावर दाब येतो आणि भरलेल्या जठरातलं आम्ल अन्ननलिकेत शिरतं. म्हणजे तुमची चढावरची जळजळ आम्लाचीही असू शकते, ती शक्यता मी खोडून काढलेली नाही. पण तशी असेल तर तोंडाला आंबट येईल, एका जागी उभं राहिल्यावर दोन-तीन मिनिटांत ती साफ जाणार नाही, आणि कधी चढावर होईल तर कधी तोच चढ बिनत्रासाचा जाईल. तुमचं वय, रक्तदाब आणि सिगारेटचा इतिहास पाहता आधी हृदय तपासायचं आणि मग आम्लाला दोष द्यायचा, हाच क्रम योग्य. उलट क्रमाने गेलं आणि चूक झाली तर ती सुधारता येईलच असं नाही.

आता ईसीजी. तो तुम्ही काढला तेव्हा छातीत जळत नव्हतं, पलंगावर शांत पडला होतात. ईसीजी त्या काही सेकंदांतली हृदयाची विद्युत हालचाल नोंदवतो. त्या वेळी स्नायूला रक्त पुरत असेल तर कागदावर दिसायचं काय? अंजायना असलेल्या अनेकांचा आरामातला ईसीजी पूर्ण नॉर्मल असतो. त्यातून आधी मोठा अटॅक येऊन गेल्याच्या खुणा दिसत नाहीत एवढं कळतं, ते चांगलंच आहे. धमन्या मोकळ्या आहेत हे त्यातून कळत नाही.

उद्या डॉक्टरांकडे जाताना कागदावर चार ओळी लिहून न्या: किती चालल्यावर सुरू होतं, थांबल्यावर किती मिनिटांत जातं, सोबत आणखी काय होतं, आणि पंधरा दिवसांत ते वाढतंय का. शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. आधी चढाच्या टोकाला व्हायचं आणि आता मध्यावरच होतं, आधी दोन मिनिटांत जायचं आणि आता सहा लागतात, असं असेल तर ते पहिल्या वाक्यातच सांगा. अंजायना नव्याने सुरू झाला असेल किंवा झपाट्याने वाढत असेल, तर त्याला अस्थिर समजतात आणि डॉक्टर कदाचित लगेच दाखल करून घेतील. अशा वेळी ट्रेडमिलवर पळवत नाहीत. चित्र स्थिर वाटलं तर रक्तातली साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन, इकोकार्डिओग्राफी, आणि मग ट्रेडमिलची स्ट्रेस टेस्ट किंवा धमन्यांची सीटी अँजिओग्राफी असा मार्ग असतो. हिमोग्लोबिनचं कारण असं की रक्त कमी असेल तर थोड्याशा अरुंद धमनीतही अंजायना दिसू लागतो. ट्रेडमिलच्या चाचणीतही काही रुग्णांचा आजार निसटतो. म्हणून चाचणी नॉर्मल आली आणि चढावरचं वर्णन तसंच राहिलं, तर "मग पुढे काय?" हे विचारायला संकोच करू नका.

वाट बघत बसायचं नाही अशी वेळ कशी ओळखायची? छातीत जळणं, दाटणं किंवा आवळणं विश्रांतीतही दहा मिनिटांपेक्षा जास्त टिकलं, किंवा कितीही वेळाचं असलं तरी सोबत गार घाम, धाप, चक्कर, अंधारी किंवा जबड्या-हातात जाणारी वेदना असली, तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवू नका. वाटेत हृदयाची लय बिघडली तर चालकाच्या जागेवर बसलेल्या माणसाला कुणी वाचवू शकत नाही, रुग्णवाहिकेत मात्र शॉक देण्याची सोय असू शकते. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अल्सरमधून रक्तस्राव होत नसेल, शौचाला काळं होत नसेल, तर वाट बघताना साधी 300 मिलिग्रॅमची ॲस्पिरिन चावून खायची. गिळायची नाही, कारण चावल्याने ती लवकर रक्तात उतरते. जठरात विरघळू नये म्हणून वरून आवरण असलेली गोळी या कामाला मंद पडते, तीच हाती असेल तर तीही चावूनच खायची. वेदना अचानक फाटल्यासारखी येऊन पाठीत गेली असेल तर मात्र ॲस्पिरिन घेऊ नका, तो महाधमनी फाटण्याचा प्रकार असू शकतो. आणि दुसऱ्याची जिभेखालची गोळी ठेवून पाहू नका. तिने रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि लैंगिक ताकदीची सिल्डेनाफिलसारखी गोळी आधी घेतलेली असेल तर जिवावर बेतू शकतं.

दवाखान्यात पोहोचल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी व्हायला हवा. दुखणं चालू असेल आणि पहिला नॉर्मल असेल तर काही वेळाने तो पुन्हा काढतात. ट्रोपोनिन ही रक्ताची तपासणी हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगते, पण इजा झाल्याबरोबर ते वाढत नाही, त्याला काही तास लागतात. दुखणं तासाभरापूर्वी सुरू झालं असेल तर पहिल्या नॉर्मल ट्रोपोनिनवर घरी परतायचं नसतं. काही तासांच्या अंतराने दुसरं करून दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघतात. म्हणून तिथे सांगताना "कधीपासून?" याचं घड्याळातलं उत्तर तयार ठेवा.

घरात कुणाला मधुमेह असेल, कुणी स्त्री असेल, कुणी सत्तरीपुढचं असेल, तर एवढं लक्षात ठेवा की त्यांच्यात छातीची तक्रार अगदी पुसट किंवा अजिबात नसू शकते. नेहमीच्या कामाला एकाएकी धाप लागणं, कारण नसताना गळून जाणं, मळमळ आणि घाम, एवढ्यावरही त्यांची तपासणी व्हायला हवी.

हृदयाचं पाहून झालं की रात्रीच्या जळजळीकडे वळा, कारण तिच्यावरही तुम्ही नीट उपचार घेतलेले नाहीत. पातळ औषध आम्ल तेवढ्यापुरतं मारतं, बनणं थांबवत नाही. बनणं कमी करणारी गोळी वेगळी, पँटोप्राझोल 40 किंवा ओमेप्राझोल 20 मिलिग्रॅम. ती न उपयोगी पडण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे चुकीची वेळ. जठरातले आम्लाचे पंप अन्न आलं की कामाला लागतात आणि ही गोळी कामाला लागलेल्या पंपांनाच बंद करते. म्हणून ती सकाळच्या पहिल्या खाण्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी घ्यायची, म्हणजे पंप सुरू होताना ती रक्तात हजर असते. त्रास झाल्यावर घेतली, किंवा जेवून झोपताना घेतली, तर तिचा पुरेपूर उपयोग होत नाही. पूर्ण असर दिसायला तीन-चार दिवस लागतात, आणि उपचार साधारण चार ते आठ आठवड्यांचा असतो. डॉक्टरांनी तुमच्या इतर औषधांशी जुळवून दिली तरच घ्या.

गोळीइतकंच काम झोपण्याच्या पद्धतीने होतं. शेवटचं जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवा. पलंगाचं उशाकडचं टोक, पलंगाच्या त्या बाजूच्या पायांखाली ठोकळे ठेवून, 15 ते 20 सेंटिमीटर वर उचला. उशा वाढवून हे साधत नाही, कारण उशांनी मान आणि कंबर वाकते, पोट दाबलं जातं आणि आम्ल उलट जास्त वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. त्या स्थितीत जठराचा फुगीर भाग अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहतो. वजन जास्त असेल तर ते कमी केल्याने पोटाचा दाब उतरतो. खाण्यातलं काय टाळायचं हे सगळ्यांचं सारखं नसतं. तळलेलं, कॉफी, चॉकलेट, दारू यांवर शंका घेऊन एकेक बंद करून पाहा, सगळं एकदम सोडायची गरज नाही.

तुमची ॲम्लोडिपिनची गोळी रक्तवाहिन्यांबरोबर अन्ननलिकेचं ते कडंही थोडं सैल करते, त्यामुळे रात्रीच्या जळजळीत तिचा वाटा असू शकतो. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका. रक्तदाब वाढेल हे एक, आणि दुसरं म्हणजे हीच गोळी अंजायनावरही दिली जाते. म्हणजे तुमच्या चढावरच्या त्रासाला ती आत्ता थोडी आवर घालत असेल आणि बंद केल्यावर तो अंगावर येईल. बदलायची का हे तपासण्या हातात आल्यावर डॉक्टर ठरवतील. सांधेदुखीसाठी अधूनमधून वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर तेही उद्या सांगा.

घास अडकणं, गिळताना दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, रक्ताची उलटी, काळं शौच किंवा रक्त कमी असणं यांपैकी काही असेल तर गोळीची आठ आठवडे वाट न बघता एंडोस्कोपी करून घ्यायची. यांतलं काही नसेल, हृदय स्वच्छ निघालं असेल, गोळी योग्य वेळी आठ आठवडे घेतली आणि तरी जळजळ तशीच राहिली, तर पुढची पायरी एंडोस्कोपी आणि अन्ननलिकेतलं 24 तासांचं आम्लमापन. एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून आम्ल वर येत नाही असं ठरत नाही. अस्तराला जखम न होताही जळजळ होते, आणि ते मापनातच कळतं.

आणि जर धमनीत अडथळा निघाला, स्टेंट बसला आणि रक्त पातळ ठेवणारं क्लोपिडोग्रेल सुरू झालं, तर तुमच्याकडची ॲसिडिटीची गोळी त्या डॉक्टरांना दाखवायला विसरू नका. ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल क्लोपिडोग्रेलचा असर कमी करू शकतात, म्हणून त्याच्यासोबत साधारणपणे पँटोप्राझोल देतात. दोन वेगळ्या दवाखान्यांतून दोन वेगळ्या चिठ्ठ्या आल्या की ही गोष्ट नेमकी निसटते. तेव्हा दोन्ही चिठ्ठ्या एकाच पाकिटात ठेवा आणि प्रत्येक डॉक्टरांसमोर दोन्ही उघडून ठेवा.